'तुला फोटो दिसतो का?' असं विचारण्याआधी

चॅटच्या खिडकीत बरेच जण सर्वांत आधी एक साधा प्रश्न टाकतात : 'तुला फोटो दिसतात का?' उत्तर लगेच येतं. कधी 'हो, नक्की, पाठवा' असं, तर कधी 'नाही, मी फक्त मजकुरावर काम करतो' असं. माणूस त्या उत्तरावर विश्वास टाकतो आणि पुढे जातो. 'हो' आलं तर औषधाच्या पट्टीचा, वीजबिलाचा, सातबाऱ्याचा फोटो पाठवतो. 'नाही' आलं तर फोन बाजूला ठेवून सगळं हाताने टाइप करत बसतो. ही दोन्ही उत्तरं चुकीची असू शकतात. ती का चुकतात हे एकदा समजलं की प्रश्न कसा विचारायचा तेही आपोआप कळतं.

आपण माणसाला 'तुला दिसतंय का?' असं विचारतो, तेव्हा तो समोर बघतो आणि सांगतो. चॅटचं साधन असं काही तपासून बघत नाही. या प्रश्नावर पुढे कोणते शब्द यावेत, एवढंच ते ठरवतं. ते दोन गोष्टींवरून ठरतं. एक म्हणजे ज्या मजकुरावर ते शिकलं तो मजकूर, आणि दुसरी म्हणजे अॅप बनवणाऱ्यांनी पडद्याआड त्याला दिलेल्या सूचना. शिकवणीचा मजकूर एका ठरावीक तारखेला थांबलेला असतो. साधनाला फोटो बघण्याची सोय त्यानंतर जोडली गेली असेल, तर त्याच्या शिकवणीत तिचा पत्ताच नसतो.

चॅटजीपीटीचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आलं तेव्हा फक्त मजकूर घेत होतं. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ जाहीर झालं, तेव्हा ते चित्रं घेऊ शकतं असं सांगितलं गेलं. मात्र सर्वसामान्य वापरणाऱ्यांच्या हाती ती सोय यायला त्याच वर्षाचा सप्टेंबर संपत आला. त्या जीपीटी-४ चं मूळ शिक्षण बहुतांशी सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या मजकुरावर झालं होतं, आणि त्या काळातली अशी बहुतेक साधनं स्वतःचं वर्णन 'मजकुरावर चालणारं' असंच करत. म्हणजे डोळे मिळालेलं साधनही जुन्या सवयीने 'मला दिसत नाही' म्हणू शकतं. उलट, डोळे नसलेलं साधनही नव्या जाहिराती आणि लेखांवर शिकलेलं असेल तर खुशाल 'हो' म्हणू शकतं. त्याच्या नावाच्या एखाद्या थोरल्या भावंडाला दिसत असतं, एवढ्यावरून.

त्यात आणखी एक गुंता आहे. आपण ज्याला एक साधन समजतो, त्यात किमान दोन भाग असतात. उत्तर लिहिणारं मॉडेल वेगळं आणि आपल्या हातातलं अॅप वेगळं. मॉडेलला डोळे असले तरी अॅपने फोटो त्याच्यापर्यंत पोहोचवलाच नाही, तर तो नसल्यातच जमा. फोटो नीट पोहोचतो तेव्हा अॅप तो लहान करतं, त्याचे चौकोनी तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचे आकडे बनतात आणि ते आकडे आपल्या शब्दांच्या शेजारी ठेवले जातात. याला आपण बघणं म्हणू. पण काही अॅप एवढं करत नाहीत. ती फोटोतली अक्षरं तेवढी वेगळ्या यंत्रणेने वेचतात आणि तो मजकूर पुढे देतात. काही ठिकाणी दुसरं एखादं मॉडेल फोटोचं दोन ओळींचं वर्णन लिहितं आणि उत्तर देणारं मॉडेल फक्त ते वर्णन वाचतं. या तिन्ही प्रकारांत आपल्याला पडद्यावर फोटोचं तेच छोटं चौकोनी चित्र दिसतं. त्यामुळे फोटो 'चढला' म्हणजे तो 'दिसला' असं धरून चालता येत नाही. हेच चित्र काढण्याच्या सोयीबद्दलही म्हणता येईल. सांगितल्यावर सुंदर चित्र काढून देणारं साधन आपण दिलेलं चित्र बघू शकेलच असं नाही. ती दोन वेगळी कामं आहेत.

म्हणून क्षमतेबद्दलचा प्रश्न नुसता, फोटोशिवाय विचारण्यात फारसा अर्थ नाही. फोटो सोबत जोडायचा आणि त्या फोटोबद्दलच विचारायचं. त्यासाठी कुठलाही फोटो चालत नाही, कारण अंदाजाने सांगता येईल अशा फोटोतून काहीच सिद्ध होत नाही. गणपतीच्या फोटोला 'मूर्तीभोवती फुलांची आरास आहे, समोर मोदक ठेवले आहेत' असं उत्तर आलं तर ते बघून आलं की गणपतीचा फोटो साधारण असाच असतो म्हणून आलं, हे कळायला मार्ग नाही. फोटोत असं काहीतरी हवं, जे बघितल्याशिवाय कुणालाच सुचणार नाही.

स्वयंपाकघरात दोन मिनिटांत होणारी चाचणी सांगतो. एक स्टीलचं ताट घ्या. त्यात मधोमध वाटी उलटी घाला आणि तिच्यावर काडेपेटी उभी ठेवा. ताटाच्या कडेला एक हिरवी मिरची आणि तिच्याजवळ लसणाच्या दोन पाकळ्या ठेवा. एका चिठ्ठीवर पेनाने 'लिंबू ८३ खिडकी' असे एकमेकांशी काही संबंध नसलेले शब्द ठळक लिहा आणि ती ताटाला टेकवून ठेवा. उजेडात फोटो काढा. फाइलचं नाव बदलू नका. फोन स्वतःच देतो ते IMG_4127.jpg सारखं नाव तसंच राहू द्या. आपण हौसेने 'ताटातली वाटी' असं नाव दिलं, तर ते नाव वाचूनच साधन अर्धं उत्तर देऊ शकतं. मग नवं संभाषण उघडा, फोटो जोडा आणि असं विचारा :

'या संदेशासोबत चित्र पोहोचलं आहे का? पोहोचलं असेल तर त्यात काय काय आहे ते सांग. पोहोचलं नसेल तर तसं स्पष्ट सांग, अंदाज करू नकोस.'

या प्रश्नात ताट, वाटी, चिठ्ठी यातला एकही शब्द नाही, हे महत्त्वाचं. 'या ताटात काय आहे?' असं विचारलं तर ताट आपणच सांगून टाकलं. प्रश्नात 'नाही' म्हणायला मोकळी वाटही ठेवली आहे. ही साधनं विचारलेल्याला काहीतरी उत्तर द्यायच्या कलाने घडवलेली असतात. 'काय दिसतंय ते सांग' अशी नुसती आज्ञा केली तर काही दिसत नसतानाही ती वर्णन रचू शकतात.

आता उत्तर वाचायचं कसं? 'उलटी वाटी, तिच्यावर उभी काडेपेटी, मिरची, लसूण, चिठ्ठीवर हे तीन शब्द' असं आलं तर फोटो खरोखर पोहोचला आणि बघितला गेला. त्यात शंका नको. 'लिंबू ८३ खिडकी' एवढंच आलं, आणि वस्तूंबद्दल विचारल्यावर गोलमाल उत्तर आलं, तर हे अॅप फोटोतली अक्षरं तेवढी वेचतं. बिल वाचायला ते एखादवेळी पुरेल. पानावर पडलेला रोग कुठला, भिंतीला आलेली ओल किती पसरली, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. 'एका टेबलावर स्टीलच्या ताटात काही खाद्यपदार्थ ठेवले आहेत' असं बरोबर पण मोघम उत्तर आलं, तर मध्ये कुणीतरी वर्णन लिहून दिलं असल्याची शक्यता असते. तेव्हा दुसरा, आतला प्रश्न टाकायचा : पाकळ्या मिरचीच्या जवळ आहेत की चिठ्ठीच्या? दोन ओळींच्या वर्णनात हा तपशील सहसा नसतो. खरोखर बघणारं साधन त्याचं उत्तर देतं, वर्णन वाचणारं चाचपडतं. आणि 'ताटात वरण, भात, पोळी आणि भाजी वाढली आहे' असं उत्तर आलं, तर काही पोहोचलेलं नाही. कुठून तरी धागा घेऊन त्याने बेतून सांगितलं.

चाचणी इथेच थांबवू नका. पुन्हा नवं संभाषण उघडा आणि तोच प्रश्न या वेळी फोटो न जोडता विचारा. 'चित्र आलेलं नाही' असं उत्तर आलं पाहिजे. फोटो नसतानाही वर्णन आलं, तर त्या साधनाच्या 'हो'ला किंमत द्यायची नाही.

तिसरा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रोजच्या वापरातली फसगत तिथेच होते. ताटाचा फोटो पुन्हा जोडा आणि सहज विचारल्यासारखं विचारा : 'चमचा वाटीच्या कोणत्या बाजूला आहे?' ताटात चमचा नाहीच. चांगलं उत्तर म्हणजे 'मला चमचा दिसत नाही'. पण 'उजव्या बाजूला' असंही उत्तर येऊ शकतं, आणि तेही पहिल्या चाचणीत उलटी वाटी अचूक ओळखणाऱ्या साधनाकडून. म्हणजे त्याला दिसतं, पण आपल्या शब्दाचा भार फोटोपेक्षा जास्त पडतो. २०२३ साली संशोधकांनी 'पोप' नावाची एक चाचणी मांडली. तिचं स्वरूप असंच होतं : चित्रात असलेल्या आणि नसलेल्या वस्तूंबद्दल 'ही आहे का?' असं विचारायचं आणि उत्तरं मोजायची. त्या वेळच्या अनेक मॉडेलांचा कल 'आहे' म्हणण्याकडे दिसला. त्यानंतर साधनं सुधारली आहेत, पण आपल्या हातातलं साधन कितपत सुधारलं आहे ते या एका प्रश्नाने घरबसल्या कळतं.

आता नकाराकडे वळू. 'नाही' या उत्तराचे निदान तीन अर्थ होतात आणि ते एकमेकांपासून वेगळे काढावे लागतात. 'मी मजकुरावर चालणारं मॉडेल आहे, चित्रं पाहू शकत नाही' हे उत्तर फोटो न जोडता विचारल्यावर आलं असेल, तर ते फार मनावर घेऊ नये. जुन्या शिकवणीतून आलेलं असू शकतं. फोटो जोडून चाचणी घ्यावी. 'मला कोणतंही चित्र दिसत नाही, कृपया जोडा' हे फोटो जोडल्यावर आलं, तर बहुधा चढवण्यातच काही अडलं : नेट मध्येच तुटलं, फाइल फार मोठी होती, किंवा आपण फोटोऐवजी त्याची लिंक चिकटवली. लिंक म्हणजे फोटो नव्हे. काही साधनं लिंक उघडतच नाहीत, आणि नुसता पत्ता वाचून त्यातल्या शब्दांवरून चित्र रंगवतात. तिसरा नकार असा : 'या व्यक्तीची ओळख मी सांगू शकत नाही.' हे वाचून अनेकांना वाटतं की फोटो दिसलाच नाही. इथे फोटो बहुधा व्यवस्थित दिसलेला असतो. चेहऱ्यावरून माणसं ओळखून द्यायची नाहीत, असा त्या सेवेचा नियम असतो. 'फोटोतल्या माणसाने काय घातलं आहे?' असं विचारून पाहिलं की खुलासा होतो.

नकार आल्यावर 'नक्की का? नीट बघ' असा आग्रह करू नये. दबाव आला की ही साधनं पटकन मत बदलतात, त्यामुळे आग्रहाने काढलेल्या 'हो'तून काहीच कळत नाही. शिवाय संभाषणात एकदा 'मला दिसत नाही' असं लिहिलं गेलं की पुढची उत्तरं त्याच्याशी जुळवून येऊ लागतात. त्यापेक्षा ते संभाषण सोडून नवं उघडावं. आणि काल आलेला 'हो' आजही लागू आहे, असं धरू नये. मोफत वापराची मर्यादा संपली की काही सेवा आपल्याला गुपचूप लहान मॉडेलकडे वळवतात.

पीडीएफचा विषय यातच येतो, आणि आपल्याकडे तो सर्वांत जास्त नडतो. गावाकडच्या जमिनीचा जुना सातबारा कुणीतरी स्कॅन करून पाठवलेला असतो. फाइलचं नाव असतं 7-12-gat-214.pdf. ती चॅटमध्ये टाकून 'यात काय आहे?' असं विचारलं जातं. काही पीडीएफमध्ये खरा मजकूर असतो, तर काहींत केवळ पानाचं छायाचित्र. ओळखायचं कसं? फाइल फोनवर उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर आत बहुधा मजकूर आहे. काहीच निवडलं गेलं नाही तर ते बहुधा छायाचित्र आहे. पीडीएफमधला मजकूर तेवढा उचलणाऱ्या साधनाच्या हाती अशा छायाचित्रातून काही लागत नाही. प्रामाणिक साधन 'फाइल रिकामी दिसते' असं म्हणतं. पण सातबारा हा ठरलेल्या रकान्यांचा कागद आहे : गाव, तालुका, गट क्रमांक, खातेदारांची नावं, क्षेत्र, आकारणी, इतर हक्क, फेरफार, आणि खाली पिकांची नोंद. फाइलच्या नावातून गट क्रमांक २१४ मिळाला की बाकीचं 'साधारण असं असतं' म्हणून भरता येतं. ते उत्तर दिसायला अगदी खरं दिसतं.

यावर उपाय तोच, बघितल्याशिवाय सुचणार नाही असं काहीतरी विचारण्याचा. कागद आपल्या हातात असताना त्यातला एखादा फेरफार क्रमांक आपण आधी वाचून ठेवायचा आणि साधनाला विचारायचं : 'फेरफाराचे सर्व क्रमांक एकेक अंक सुटा करून लिही. जो अंक नीट वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक.' आपण वाचून ठेवलेला क्रमांक त्यात जसाच्या तसा आला, तर पान दिसलं आहे. प्रश्नचिन्हं आली तर उलट विश्वास वाढतो, कारण धूसर अंक धूसर म्हणून सांगितला जातोय. हस्तलिखित कागदावर १ आणि ९, किंवा ४ आणि ५ यांत गोंधळ होणं माणसालाही चुकत नाही. क्षेत्राच्या आकड्यात दशांशचिन्हाचा एक ठिपका निसटला तर आर आणि हेक्टर यांची अदलाबदल होते. म्हणून असा कागद साधनाकडून वाचून घेतला तरी क्रमांक आणि क्षेत्र स्वतः ताडून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नये.

इथे 'दिसतं' आणि 'वाचता येतं' यांत फरक पडतो. तो का, हे एका साध्या हिशेबाने कळेल. नेहमीच्या फोनचा बारा मेगापिक्सेलचा फोटो लांबीला सुमारे चार हजार बिंदूंचा असतो. बऱ्याच सेवा तो आत घेताना लहान करतात. काहींची मर्यादा लांब बाजूला दीडेक हजार बिंदूंची असते. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या वाट्याला पाचेक बिंदू आले. दोन मिलिमीटर उंचीचं अक्षर दहा बिंदूंत बसवायचं, आणि त्यातच वेलांटी, रफार, अनुस्वारही. दहा बिंदूंत 'कि' आणि 'की' यांचा भेद कुठून राहणार? आपल्याला फोनवर बोटांनी मोठं करून सगळं स्वच्छ दिसतं, कारण आपण मूळ फोटो बघत असतो. साधनापर्यंत गेलेला फोटो वेगळाच असतो. व्हॉट्सअॅपवरून साध्या फोटोच्या रूपात आलेली प्रत तर आधीच एकदा लहान झालेली असते. म्हणून बारीक अक्षरांच्या कागदाचा अख्खा फोटो देऊ नये. हवा तो रकाना जवळून टिपावा किंवा कापून तेवढाच पाठवावा. पूर्ण पानावर चुकलेलं उत्तर तुकड्यावर बरोबर आलं, तर साधनाला डोळे आहेत आणि अडचण आकाराची होती, हे निश्चित झालं.

काही गोष्टी बघणारी साधनंही नीट सांगू शकत नाहीत, आणि त्यावरून 'याला दिसतच नाही' असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. डावं-उजवं, ढिगातल्या वस्तूंची मोजणी, काट्यांच्या घड्याळातली वेळ यांत चुका होतात. घड्याळाचे काटे कसेही असले तरी दहा वाजून दहा मिनिटं असं उत्तर येण्याचा प्रकार प्रसिद्ध आहे, कारण दुकानं आणि जाहिरातींतल्या फोटोंत घड्याळं त्याच वेळेला लावलेली असतात. चाचणीच्या ताटात दोनच पाकळ्या ठेवायला सांगितल्या त्या यासाठी. वीस ठेवल्या असत्या तर चूक बघण्याची की मोजण्याची, हे कळलं नसतं.

हे सगळं डोळस माणसाला ताडून बघता येतं. ज्यांना स्वतःला फोटो दिसत नाही, त्यांचं काय? हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण या सोयीची खरी गरज त्यांनाच आहे. डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं 'बी माय आइज' हे अॅप २०१५ पासून अंध व्यक्तींना व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवकांशी जोडत आलं आहे, आणि मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ जाहीर झालं तेव्हा त्यातली चित्र बघण्याची सोय सर्वप्रथम या अॅपसोबत वापरून पाहिली गेली. अंध व्यक्तीला साधनाची परीक्षा एकट्याने, कुणाचीही मदत न घेता घेता येते. फोनच्या कॅमेऱ्यावर तळहात घट्ट ठेवून फोटो काढायचा आणि वरचाच प्रश्न विचारायचा. 'चित्र पूर्ण काळं आहे, काही दिसत नाही' असं उत्तर आलं पाहिजे. खोलीचं, टेबलाचं, खिडकीचं वर्णन आलं तर ते साधन अंदाजाने बोलतंय. मग स्पर्शाने ओळखलेली वस्तू नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने मांडायची, जसं की चप्पल टेबलावर किंवा कुलूप ताटात, आणि दुसरा फोटो काढायचा. दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच औषधाच्या पट्टीकडे जायचं. तिथेही 'याची मुदत संपली आहे का?' असं न विचारता 'पट्टीवर छापलेली तारीख जशी आहे तशी वाच, फोटोत तारीख आलीच नसेल तर तसं सांग' असं म्हणायचं. पट्टी उलटी धरली गेली असेल आणि तारीख मागच्या बाजूला राहिली असेल, तर हे दुसरं वाक्यच उपयोगी पडतं.